प्रेस नोटमधली बातमी

तासगावच्या एका कंपनीने बेदाण्यासाठी नवे शीतगृह बांधले आहे, असे समजू. प्रेस नोट निघते: ‘गुणवत्तेचा ध्यास घेतलेल्या आमच्या समूहाने जागतिक दर्जाचे अत्याधुनिक शीतगृह शेतकरी बांधवांच्या सेवेत दाखल केले असून...’ वार्ताहर पहिली ओळ वाचतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. त्याचा कंपनीवर राग नसतो. त्या ओळीत वाचकाला सांगण्यासारखे काही नसते, एवढेच.

खरी बातमी त्याच नोटेत चौथ्या परिच्छेदात दडलेली असते. ती वर आणली की इंट्रो असा होतो: ‘तासगाव परिसरातील बेदाणा उत्पादकांना १ मार्चपासून आणखी ३,००० टन माल शीतगृहात ठेवता येईल.’ वाक्याचा कर्ता आता कंपनी नाही, उत्पादक आहे. कंपनीचे नाव दुसऱ्या वाक्यात येते, त्यामागोमाग भाडे आणि माल ठेवण्याच्या अटी. समूहाचा इतिहास सगळ्यात शेवटी. जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर बहुधा शेवटून कापतो, त्यामुळे कात्री लागली तरी बातमी शाबूत राहते.

३,००० टन म्हणजे फार की थोडे, हे वाचकाला कसे कळणार? परिसरात आधी किती सोय होती आणि नवे भाडे चालू दरापेक्षा कमी की जास्त, हे सोबत द्यावे. यंदा निम्मेच कक्ष सुरू होणार असतील, तर तेही लिहावे. वार्ताहर बाजारात दोन फोन करून ते शोधून काढतोच, आणि मग पुढच्या प्रत्येक नोटेकडे संशयाने पाहतो. संचालकांच्या तोंडी ‘आनंद होत आहे’ घालण्यापेक्षा इथेच गुंतवणूक का केली, हे त्यांच्या शब्दांत द्यावे. कंपनीशी संबंध नसलेल्या एखाद्या बागायतदाराचा नंबर, त्याला विचारून, दिला तर आणखी उत्तम.

मजकूर मेलमध्येच युनिकोडमध्ये असावा. जुन्या फाँटमधली फाइल उघडली की अक्षरांचा चिवडा होतो आणि स्कॅन केलेले पत्र पुन्हा टाइप करावे लागते. फीत कापण्यापेक्षा शीतगृहात माल लावतानाचा फोटो पाठवावा. शंका विचारायला दिलेला मोबाइल संध्याकाळी, पाने लागत असताना, उचलला गेला पाहिजे. ‘छापण्याआधी दाखवा’ किंवा ‘जाहिरातही देऊ’ असे मात्र म्हणू नये. पहिल्याने वार्ताहर दुखावतो, दुसऱ्याने बातमी विकत घेतल्यासारखी होते.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर भावावर परिणाम करू शकणारी माहिती आधी शेअर बाजाराला कळवावी लागते, मग पत्रकाराला.

नोट पाठवण्यापूर्वी तिच्यातून कंपनीचे नाव काढून वाचावी. तरीही तासगावच्या बागायतदाराला उपयोगी पडेल असे काही उरले, तर ती वार्ताहराकडे जाऊ द्यावी. वर्धापनदिन आणि सवलत एवढेच उरत असेल, तर जाहिरात विभागाचा दर विचारावा.