आजीच्या टीव्हीवरची मुंज

पुतण्याच्या मुंजीचा व्हिडिओ धाकट्या भावाच्या आयफोनमध्ये होता आणि आईला तो हॉलमधल्या टीव्हीवर बघायचा होता. दर वेळी पेनड्राइव्ह शोधा, त्यात कॉपी करा, टीव्हीच्या मागे हात घालून तो लावा, हे सगळं तिच्याच्याने होणारं नव्हतं. म्हणून कपाटात पडून असलेला 2014 सालचा लॅपटॉप बाहेर काढला आणि त्यावर जेलीफिन टाकलं.

जेलीफिन हा विनामूल्य, खुला प्रोग्रॅम आहे. लॅपटॉपच्या फोल्डरमधले व्हिडिओ तो नीट मांडून घरातल्या वायफायवरून टीव्हीला आणि फोनला पुरवतो. व्हिडिओ घरातल्या घरातच फिरत असल्यामुळे बघताना इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. ओटीटी ॲपमध्ये डाउनलोड केलेले सिनेमे मात्र यात चालत नाहीत, कारण ते कुलूपबंद असतात आणि त्याच ॲपमध्ये उघडतात. स्वतःचं चित्रीकरण, मोकळेपणाने डाउनलोड करू दिलेली व्याख्यानं, हक्कमुक्त झालेले जुने चित्रपट, हा त्याचा खरा माल.

बसवायला अर्धा तास पुरतो. एका फोल्डरमध्ये सिनेमे आणि दुसऱ्यात घरचे व्हिडिओ ठेवायचे. सिनेमाच्या फोल्डरला नाव आणि साल द्यायचं, जसं `Raja Harishchandra (1913)`, म्हणजे तो बरोबर ओळखला जातो. झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपू नये, अशी सेटिंग करायची. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा बांधून ठेवायचा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि टीव्हीला सर्व्हर सापडत नाही. आमच्याकडे फोनच्या ब्राउझरमध्ये `http://192.168.1.20:8096` टाकलं की पोस्टर्सची रांग दिसते. टीव्हीला लावलेल्या अँड्रॉइड बॉक्सवर जेलीफिनचं ॲप घेतलं आणि तोच पत्ता दिला.

संध्याकाळी आई समोर बसली. आधी लावलेलं व्याख्यान झकास चाललं. मुंज लावली तर दोन सेकंद चित्र, मग गोल फिरणारं चक्र, पुन्हा दोन सेकंद. आतल्या खोलीत लॅपटॉपचा पंखा घोंगावत होता. माझा पहिला संशय वायफायवर गेला. बहुतेकांचा तिथेच जातो, पण दोष दुसरीकडे होता.

व्हिडिओ चालू असतानाच जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडला. व्याख्यानाच्या वेळी तिथे `Direct playing` दिसलं होतं, आता `Transcoding` होतं. या दोन शब्दांत सगळं उत्तर आहे. पहिल्या प्रकारात सर्व्हर फाइल जशीच्या तशी पुढे सरकवतो. त्याला काहीच कष्ट नसतात, त्यामुळे जुना लॅपटॉपही पुरतो. समोरच्या यंत्राला फाइलची भाषा कळत नसेल तर मात्र सर्व्हर दुभाषा होतो. चित्र उलगडायचं, दुसऱ्या भाषेत पुन्हा बांधायचं आणि पाठवायचं, तेही चित्र पुढे सरकेल त्याच वेगाने.

अलीकडचे आयफोन जागा वाचवण्यासाठी सहसा एचईव्हीसी या पद्धतीने चित्रीकरण करतात. आमचा जुना बॉक्स फक्त एच.264 जाणणारा. त्यात भावाने 4K मध्ये चित्रीकरण केलेलं, म्हणजे मिनिटाला सुमारे 170 एमबी. बारा मिनिटांची फाइल दोन जीबीची. इतकं चित्र ऐन वेळी भाषांतरित करणं त्या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचं होतं. एचईव्हीसी हाताळणारा खास भाग त्या काळच्या चिपमध्ये नव्हताच.

नवा लॅपटॉप घ्यायची गरज नव्हती. हेच भाषांतर एकदाच, सावकाश, रात्रीतून करून ठेवलं की झालं. एफएफएमपेग या विनामूल्य प्रोग्रॅमला एवढीच आज्ञा दिली:

```
ffmpeg -i munj.mov -vf scale=-2:1080 -c:v libx264 -crf 20 -pix_fmt yuv420p -c:a aac munj.mp4
```

टीव्ही फुल एचडी असल्यामुळे चित्राची उंची 1080 केली, 4K चा तिथे उपयोगच नव्हता. `crf` चा आकडा दर्जाचा आहे. तो वाढवला की फाइल लहान होते आणि चित्र ढोबळ. मूळ फाइल मात्र पुसली नाही, ती वेगळ्या डिस्कवर आहे. पुढेमागे टीव्ही बदलला तर तीच लागेल.

डॅशबोर्डवर `Direct playing` असूनही चित्र अडखळलं, तर मग वायफाय तपासावं. राउटर आणि लॅपटॉप यांच्यात लॅनची केबल टाकली तर अर्धा प्रवास तारेने होतो आणि मोठा फरक पडतो.

दुसऱ्या दिवशी आईने रिमोट हातात घेतला आणि स्वतःच मुंज लावली. भिक्षावळीच्या वेळी नातू तिच्याकडे वळून बघतो, तिथे तिने चित्र थांबवलं. आतल्या खोलीतल्या पंख्याचा आवाजही येत नव्हता.