एका बिलाची दोन वह्यांमधली दुरुस्ती

विक्रेत्याने बिल फाडले, माल गेला, बिलाची नोंद विवरणपत्रात झाली, की ते बिल खोडता येत नाही. आकडा चुकीचा असला तरी नाही. ई-इनव्हॉइस लागू असलेल्या व्यापाऱ्याला बिल पोर्टलवर नोंदवल्यापासून 24 तासांत ते रद्द करता येते. तेवढा वेळ निघून गेला की त्याच्यापुढेही मार्ग एकच उरतो. मूळ बिल जसेच्या तसे ठेवायचे आणि त्याचा हवाला देणारा दुसरा कागद काढायचा. विक्रेता जास्तीचा आकारलेला पैसा सोडत असेल तर क्रेडिट नोट, कमी आकारलेला पैसा मागत असेल तर डेबिट नोट. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 34 मध्ये हे दोन कागद सांगितले आहेत.

गोंधळ सुरू होतो तो खरेदीदारही ‘डेबिट नोट’ काढतो म्हणून. माल परत पाठवताना दुकानदार स्वतःच्या लेटरहेडवर डेबिट नोट लिहितो आणि समजतो की काम झाले. जीएसटीच्या दृष्टीने तो कागद म्हणजे फक्त मागणी असते. कर कमी होतो तो विक्रेत्याच्या क्रेडिट नोटेने. हा फरक लक्षात न घेतल्याने छोट्या दुकानदारांचे पैसे अडकतात, म्हणून एक व्यवहार मुळापासून पाहू.

सांगलीच्या एका विद्युत सामानाच्या दुकानदाराने कोल्हापूरच्या वितरकाकडून 40 सीलिंग फॅन मागवले. ठरलेला भाव होता नगाला 1,450 रुपये. वितरकाच्या कारकुनाने जुन्या दरपत्रकाने 1,500 चा भाव लावून 24 मार्चला बिल केले. मालाचे 60,000, त्यावर 18 टक्क्यांनी 10,800 रुपये कर, एकूण 70,800. दोघेही महाराष्ट्रातले, त्यामुळे करातले 5,400 सीजीएसटीचे आणि 5,400 एसजीएसटीचे. माल 26 तारखेला पोहोचला. खोकी उघडली तर चार फॅनच्या मोटरला आवाज, दोघांची पाती वाकलेली. दुकानदाराने ते चार फॅन चलनासह परत पाठवले आणि 28 मार्चला डेबिट नोट काढली.

हिशेब असा झाला. परत गेलेल्या चार फॅनचे 1,500 प्रमाणे 6,000 रुपये. ठेवून घेतलेल्या 36 फॅनवर नगामागे 50 रुपये जास्त लागले, त्याचे 1,800. दोन्ही मिळून 7,800, त्यावरचा कर 1,404, एकूण 9,204 रुपये. आता देणे राहिले 61,596. ताळा पाहायचा तर 36 फॅन 1,450 प्रमाणे धरा आणि 18 टक्के कर चढवा. तोच आकडा येतो. परत केलेल्या फॅनचा भाव 1,450 धरण्याची चूक इथे सहज होते. ते बिलात 1,500 ने आले आहेत, म्हणून 1,500 नेच बाहेर जायला हवेत.

दुकानदाराच्या वहीत वितरकाचे खाते 9,204 रुपयांनी नावे पडते, म्हणजे त्याचे देणे तेवढे उतरते. समोर खरेदी परत खात्यावर 6,000 जमा आणि खरेदी खात्यावर 1,800 जमा. उरलेले 1,404 रुपये इनपुट टॅक्सच्या दोन खात्यांवर 702 आणि 702 असे जमा होतात, कारण ज्या खरेदीवर त्याने कराची वजावट घेतली होती ती खरेदीच आता कमी झाली. साठ्याच्या नोंदीत नग 40 चे 36 होतात आणि उरलेल्यांचा खरेदीभाव 1,450 वर येतो. नगांची ही नोंद विसरली तर पैशांचे खाते बरोबर दिसते आणि गोदामात मात्र चार फॅन कागदावर पडून राहतात.

वितरकाच्या वहीत याचा आरसा दिसतो, पण थोडा उशिरा. माल 2 एप्रिलला त्याच्या गोदामात पोहोचला. त्याने फॅन तपासले, भावाची चूक मूळ ऑर्डरशी पडताळली आणि 6 एप्रिलला क्रेडिट नोट काढली. तिच्यावर स्वतःचा अनुक्रमांक, तारीख, दोघांचे जीएसटी क्रमांक, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, किंमत, दर आणि कर हे सगळे होते. नोंद करताना विक्री परत 6,000 नावे, विक्री 1,800 नावे, देय कराची दोन खाती 702 आणि 702 नावे, आणि दुकानदाराचे खाते 9,204 जमा. परत आलेले फॅन चांगल्या मालात मिसळून चालत नाही. दुरुस्तीनंतर ते ज्या भावाला जातील तो भाव त्यांच्या मूळ खर्चाहून कमी असेल, तर साठ्यात तोच कमी भाव धरावा लागतो.

दुकानदाराची नोंद 28 मार्चची आणि वितरकाची 6 एप्रिलची असल्याने 31 मार्चला दोघांचे खातेउतारे जुळत नाहीत. वितरक म्हणतो 70,800 येणे, दुकानदार म्हणतो 61,596 देणे. फरक बरोबर 9,204 चा आहे आणि कागद हाताशी असल्याने त्यात चिंता करण्यासारखे काही नाही. लेखापरीक्षकाला हा फरक जुळवणीच्या पत्रकात दाखवता येतो. चिंता करावी ती वितरकाने क्रेडिट नोट नोंदवल्यानंतरही 9,204 चा फरक राहिला तर. असे दिसले की समजावे, खरेदीदाराने आधी स्वतःची डेबिट नोट नोंदवली आणि नंतर टपालाने किंवा व्हॉट्सअॅपवर आलेली विक्रेत्याची क्रेडिट नोटही वेगळी म्हणून नोंदवली. एकाच चुकीची दोनदा वजावट झाली. यावर उपाय सोपा आहे. क्रेडिट नोट आली की तिचा क्रमांक आपल्या जुन्या डेबिट नोटेवर लिहायचा, नवी नोंद करायची नाही.

कराची बाजू अधिक नाजूक आहे. वितरकाने विक्रीवर 10,800 रुपये कराची जबाबदारी दाखवली होती आणि तितक्याच रकमेची वजावट दुकानदाराने मार्चच्या विवरणपत्रात घेतली होती. आता वितरकाने आपला कर 1,404 ने कमी केला आणि दुकानदाराने आपली वजावट तशीच ठेवली, तर ते 1,404 रुपये सरकारच्या तिजोरीतून गेलेले असतात. म्हणून कायदा दोन्ही टोके बांधून ठेवतो. खरेदीदार नोंदणीकृत असेल आणि त्याने घेतलेली वजावट परत केली नसेल, तर विक्रेत्याला क्रेडिट नोटेच्या आधारे कर कमी करता येत नाही, ही तरतूद 2025 च्या वित्त कायद्याने स्पष्ट शब्दांत घातली आहे.

प्रत्यक्षात हे पोर्टलवर घडते. वितरकाची एप्रिलची क्रेडिट नोट 11 मेपर्यंत भरायच्या GSTR-1 मध्ये जाते. मग ती दुकानदाराच्या इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये, म्हणजे IMS मध्ये दिसते. ऑक्टोबर 2024 पासून सुरू असलेल्या या व्यवस्थेत खरेदीदार ती नोट स्वीकारू शकतो किंवा नाकारू शकतो. काहीच केले नाही तर ती स्वीकारली असे धरले जाते आणि त्याच्या GSTR-2B मध्ये वजावट कमी होऊन येते. नाकारली, तर तेवढा कर पुढच्या विवरणपत्रात वितरकाच्या डोक्यावर पुन्हा चढतो. त्यामुळे न पाहता ‘नाकारा’ दाबणारा दुकानदार स्वतःच्याच वितरकाला खड्ड्यात घालतो.

आपल्या सांगलीच्या दुकानदाराच्या बाबतीत एक खास अडचण येऊ शकते. त्याच्या हिशेबनिसाने डेबिट नोट मार्चमध्ये नोंदवली, आणि प्रामाणिकपणे मार्चच्या विवरणपत्रातच 1,404 रुपयांची वजावट परत केली. मे महिन्यात वितरकाची क्रेडिट नोट पोर्टलवर आली आणि कुणी लक्ष न दिल्याने आपोआप स्वीकारली गेली, की आणखी 1,404 कापले जातात. वहीत एकदा आणि पोर्टलवर दोनदा, असा फरक मग वर्षाच्या शेवटी सापडतो. वजावट आधीच परत केली आहे, किंवा मुळात घेतलीच नव्हती, हे नोट स्वीकारताना IMS मध्ये सांगण्याची सोय आता आहे. ती वापरायची तर दर महिन्याला 2B अंतिम होण्याआधी ते पान एकदा उघडून बघावे लागते.

प्रत्येक क्रेडिट नोटेवर कर असतोच असेही नाही. वर्षाचे लक्ष्य गाठल्याबद्दल कंपनी नंतर देते ती सूट अनेकदा जीएसटीविना दिली जाते. व्यापारी तिला फायनान्शियल क्रेडिट नोट म्हणतात. तिच्यात विक्रेत्याचा कर कमी होत नाही, म्हणून खरेदीदारालाही वजावट परत करावी लागत नाही. ती विवरणपत्रात जात नाही, फक्त दोघांच्या खात्यांत पडते. तिच्यात 18 टक्के शोधत बसणे व्यर्थ, आणि तिच्यावरून वजावट परत करणे म्हणजे स्वतःचे नुकसान.

मुदतीचा प्रश्न इथेच येतो. करासहची क्रेडिट नोट, ज्या आर्थिक वर्षात मूळ विक्री झाली त्या वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातले जे आधी येईल तोपर्यंतच जाहीर करता येते. मोजायचे ते मूळ विक्रीचे वर्ष. फॅनचे बिल 24 मार्चचे होते, म्हणून वितरकाला जेमतेम आठ महिने मिळाले. तेच बिल आठ दिवसांनी, 1 एप्रिलला झाले असते, तर पूर्ण एक वर्ष जास्त मिळाले असते. मुदत टळली तर वितरक फक्त कर सोडून 7,800 रुपयांची नोट देऊ शकतो. तेव्हा दुकानदार 63,000 देतो, 10,800 ची वजावट ठेवून घेतो, आणि त्याला माल शेवटी 52,200 लाच पडतो. वितरकाला 1,404 रुपयांचा फटका बसतो तो त्याने करासकट 9,204 रुपये सोडले तर. म्हणूनच मुदतीनंतर वितरक टाळाटाळ करू लागतात आणि नाती बिघडतात.

ज्यांचे मार्चचे माल-परतीचे किंवा भावफरकाचे दावे अजून पडून आहेत, त्यांनी आपली डेबिट नोट पाठवून गप्प बसू नये. वितरकाकडे त्याच्या क्रेडिट नोटेचा क्रमांक मागावा, ती 2B मध्ये आली का ते पाहावे, आणि दिवाळीच्या गर्दीत हे राहून जाते म्हणून सप्टेंबरातच दोघांचे खातेउतारे समोरासमोर ठेवून जुळवून घ्यावेत.