बटण बदलण्याआधीची आकडेमोड

डिसेंबर 2007 मध्ये बराक ओबामा यांच्या प्रचाराच्या संकेतस्थळावर एक प्रयोग झाला. पहिल्या पानावर एक चित्र, त्याखाली ईमेल लिहायची जागा आणि ‘साइन अप’ असं बटण होतं. गूगलमधून आलेल्या डॅन सिरोकर यांच्या चमूने बटणावरचे चार मजकूर घेतले आणि तीन छायाचित्रं व तीन व्हिडिओ निवडले. त्यांच्या 24 जोड्या झाल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांतली एक जोडी, चिठ्ठी काढावी तशी, दाखवली गेली. एकूण 3,10,382 जणांनी पान पाहिलं, म्हणजे प्रत्येक जोडीच्या वाट्याला सुमारे 13,000 माणसं आली.

चमूतल्या अनेकांचा कौल व्हिडिओकडे होता. प्रत्यक्षात तिन्ही व्हिडिओ छायाचित्रांच्या मागे पडले. ओबामा कुटुंबाचा फोटो आणि ‘लर्न मोअर’ हे बटण ही जोडी पहिली आली. मूळ पानावर शंभरात 8.26 जण नाव नोंदवत होते, या पानावर 11.6.

अशा प्रयोगाला ए/बी टेस्ट किंवा स्प्लिट टेस्ट म्हणतात. ओबामांच्या संकेतस्थळावर माणसांची रीघ होती. एखाद्या छोट्या दुकानाकडे तेवढी गर्दी नसते. म्हणून तिथे पहिला प्रश्न असतो, किती माणसं लागतील आणि तेवढी यायला किती दिवस जातील. त्याचं उत्तर प्रयोग सुरू होण्याआधी कागदावर असावं लागतं.

समजा, घरगुती मसाले विकणारं एक संकेतस्थळ आहे. गोडा मसाल्याच्या पानावर ‘कार्टमध्ये टाका’ असं बटण आहे आणि पान पाहणाऱ्या शंभरातले 5 जण ते दाबतात. मालकीणबाईंना तिथे ‘आजच मागवा’ असं लिहून पाहायचं आहे. आता त्यांनी ठरवायचं की किमान किती फरक पडला तर बदल करण्यात अर्थ आहे. त्या म्हणतात, शंभरात 6 जणांनी तरी दाबावं.

यासाठी संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे:

```
n = 16 × p × (1 − p) ÷ d²
```

इथे n म्हणजे प्रत्येक बटणासाठी लागणारी माणसं, p म्हणजे दोन्ही दरांची सरासरी आणि d म्हणजे त्यांच्यातला फरक. 5 आणि 6 टक्क्यांची सरासरी 0.055, फरक 0.01. उत्तर येतं सुमारे 8,300. दोन्ही बटणं मिळून 16,600 माणसं.

सूत्रातल्या 16 या आकड्यात दोन अटी दडलेल्या आहेत. दोन्ही बटणं सारखीच असतील, तर प्रयोगाने उगाच फरक दाखवण्याची शक्यता विसात एक एवढीच राहावी. आणि नवं बटण खरोखर 6 टक्क्यांवर नेणारं असेल, तर ते दहापैकी आठ वेळा पकडलं जावं. उरलेल्या दोन वेळा चांगलं बटणही हातातून निसटेल. ही जोखीम आणखी कमी करायची तर माणसं वाढवावी लागतात.

सूत्रात फरकाचा वर्ग आहे आणि छोट्या दुकानांची खरी अडचण तिथेच आहे. 6 ऐवजी 5.5 टक्क्यांपर्यंतची वाढही पकडायची म्हटलं, तर फरक निम्मा होतो आणि माणसं जवळपास चौपट लागतात: प्रत्येक बटणासाठी सुमारे 31,800.

या मसाल्याच्या पानावर रोज 1,200 नवी माणसं येतात असं धरू. 16,600 माणसांना 14 दिवस पुरतात. निम्मा फरक शोधायचा तर 53 दिवस, म्हणजे जवळजवळ आठ आठवडे. हिशेबात ‘नवी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सोमवारी आलेली बाई गुरुवारी परत आली, तर ती एकच मोजायची आणि तिला तेच बटण दिसलं पाहिजे. त्यासाठी ब्राउझरमध्ये कुकी नावाची खूण ठेवतात. आयफोनवरच्या सफारीत पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली अशी खूण, माणूस सात दिवस फिरकला नाही तर पुसली जाते आणि तो पुन्हा नवा म्हणून मोजला जातो. प्रयोग लांबला की ही गळती वाढते.

मुदत नेहमी पूर्ण आठवड्यांची धरतात. रविवारी निवांत बसून पाहणारे आणि मंगळवारी लोकलमध्ये घाईत पाहणारे वेगळं वागतात. 11 दिवसांचा हिशेब निघाला तरी प्रयोग 14 दिवस चालवावा. दिवाळीच्या तोंडावर घेतलेला प्रयोग दिवाळीच्या गिऱ्हाइकांबद्दलच सांगेल, म्हणून तो साध्या दिवसांत ठेवलेला बरा.

सगळ्यात मोठी चूक चौथ्या-पाचव्या दिवशी होते. नवं बटण पुढे दिसतं, पडद्यावर हिरवी खूण येते आणि प्रयोग तिथेच थांबवला जातो. विसात एक चुकीची हमी एकदाच, शेवटी पाहण्यासाठी असते. वाढत्या आकड्यांकडे सारख्या अंतराने दहा वेळा पाहून, जिंकल्यासारखं दिसताच थांबलं, तर सारख्याच बटणांत खोटा विजेता सापडण्याची शक्यता 5 वरून सुमारे 19 टक्क्यांवर जाते. मध्येच पाहायचं ते बटण मोडलेलं तर नाही ना, एवढ्यापुरतं. मधूनच थांबण्याची सोय हवी असेल, तर त्यासाठी वेगळी, अधिक कडक गणितं आहेत आणि तीही आधीच निवडावी लागतात.

निकाल वाचण्यापूर्वी एक तपासणी करतात. दोन्ही बाजूंना साधारण सारखी माणसं गेली का? 8,300 आणि 8,300 ऐवजी 8,360 आणि 8,240 असं झालं तर चालतं. पण 8,600 आणि 8,000 झालं, तर तो योगायोग मानता येत नाही. बहुधा नव्या बटणाचं पान काही फोनवर उशिरा उघडत असतं किंवा मोजणीत काही माणसं गळत असतात. असा निकाल बाजूला ठेवून आधी बिघाड शोधावा लागतो.

आता समजा, दोन आठवडे पूर्ण झाले. जुनं बटण 8,310 जणांनी पाहिलं आणि 416 जणांनी दाबलं, नवं 8,322 जणांनी पाहिलं आणि 491 जणांनी दाबलं. शंभरात 5.0 आणि 5.9. योगायोगाची सूट देऊन हिशेब केला, तर खरी वाढ शंभरामागे 0.2 ते 1.6 च्या दरम्यान असावी असं निघतं. नवं बटण पुढे आहे, पण मालकीणबाईंनी मागितलेली एकाची वाढ मिळालीच, असं छातीठोक सांगता येत नाही.

शिवाय हे झाले नुसते दाबणारे. ओबामांच्या चमूने बटण दाबणारे मोजले नव्हते, नाव नोंदवणारे मोजले होते. मसाल्याच्या दुकानाला पैसे मिळतात ते ऑर्डरचे. पान पाहणाऱ्या शंभरातला एकच जण ऑर्डर देत असेल आणि ते प्रमाण 1.2 वर गेलं का हे पाहायचं असेल, तर त्याच सूत्राने प्रत्येक बटणासाठी सुमारे 43,500 माणसं लागतात. रोजच्या 1,200 ने 73 दिवस, म्हणजे पूर्ण आठवड्यांत मोजले तर अकरा आठवडे. तेवढा धीर नसेल, तर मालकीणबाई ‘आजच मागवा’ ठेवतील. मात्र वहीत त्या नोंद करतील की दाबणं वाढलं आहे, विक्रीचं अजून तपासलेलं नाही.