‘नका’ कुठे गेलं? आवाज बंद असताना व्हिडिओखालची ओळ चुकीचा सल्ला कशी देते

यावल-रावेर पट्ट्यात केळीवरच्या सीएमव्ही म्हणजेच हरण्या रोगाबद्दलचे सल्ल्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. ते बघणारा कधी एसटीत असतो, कधी बँकेच्या रांगेत, तर कधी घरात सगळे झोपल्यावर मोबाइल हातात घेतो. अशा वेळी आवाज बंदच असतो आणि सल्ला कळतो तो फक्त स्क्रीनवरच्या ओळींमधून. म्हणजे कॅप्शनमधून. ही ओळ चुकीच्या ठिकाणी तुटली की सल्ल्याचा अर्थच उलटतो. तो कसा, ते एका वाक्यावरून समजून घेऊ.

एक वाक्य, तीन तुकडे

समजा, व्हिडिओत कृषी सल्लागार असं बोलतात: ‘सीएमव्हीची लक्षणं दिसलेलं झाड नुसतं उपटून बांधावर टाकून देऊ नका, ते लगेच शेताबाहेर नेऊन जाळा नाहीतर खोल खड्ड्यात पुरा, कारण मावा कीड त्या झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते.’

सल्ला बरोबर आहे. हा विषाणू माव्यामार्फत पसरतो, त्यामुळे उपटलेलं झाड बांधावर पडून राहिलं तर रोगाचं मूळ शेताशेजारीच राहतं. आता एडिटिंग ॲपला आपोआप कॅप्शन टाकायला सांगितलं आणि एका वेळी चार शब्द दाखवायची सेटिंग ठेवली, तर स्क्रीनवर हे दिसेल:

‘सीएमव्हीची लक्षणं दिसलेलं झाड’
‘नुसतं उपटून बांधावर टाकून’
‘देऊ नका, ते लगेच’

मधली ओळ पुन्हा वाचा. तेवढीच वाचून कुणी पुढे सरकला, तर त्याला कळेल की झाड उपटायचं आणि बांधावर टाकायचं. नेमकं जे करू नये तेच. ॲपने एकही शब्द चुकीचा लिहिलेला नाही, चूक फक्त तोडण्याच्या जागेत आहे.

मराठीत हा धोका जास्त आहे, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘नका’, ‘नाही’, ‘नये’ हे शब्द त्याच्याही मागे. इंग्रजीत ‘डू नॉट’ सुरुवातीलाच येऊन जातं. मराठी वाक्यात काय करायचं की नाही करायचं, हे शेवटच्या शब्दावर ठरतं. ऐकणाऱ्याला तो शब्द पुढच्याच क्षणी कानावर पडतो. वाचणाऱ्याला मात्र पुढच्या ओळीची वाट बघावी लागते. म्हणून पहिला नियम असा: कृती आणि तिचा नकार एकाच कॅप्शनमध्ये हवेत. सल्ला नकारार्थी असेल तर वाक्य ‘नका’पर्यंत पूर्ण होईल इतकं छोटं करायचं.

किती सेकंद ठेवायची?

वरच्या वाक्यात २७ शब्द आहेत आणि झपाट्याने बोलणारा माणूस ते साधारण ९ सेकंदांत संपवतो. बीबीसीच्या सबटायटल मार्गदर्शिकेत मिनिटाला १६० ते १८० शब्दांचा वेग सुचवलेला आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन शब्द. पण तो हिशेब इंग्रजीचा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘झाडावरून’ हा आपला एक शब्द, तर इंग्रजीत तेच सांगायला तीन लागतात. त्यामुळे मोबाइलवर, उन्हात, मान वाकवून वाचणाऱ्यासाठी सेकंदाला दोन शब्द धरणं सुरक्षित.

या हिशेबाने २७ शब्दांना साडेतेरा सेकंद लागतात आणि आपल्या हातात आहेत ९. व्हिडिओ लांबवता येत नाही, म्हणून शब्द कमी करायचे. बोललेला प्रत्येक शब्द लिहायचा, हा आग्रह इथे सोडावा लागतो.

काय गाळायचं? ‘सीएमव्हीची लक्षणं दिसलेलं झाड’ याऐवजी ‘रोगट झाड’ पुरतं. रोगाचं नाव मात्र पहिल्या दृश्यापासून वर एका कोपऱ्यात ठेवावं, कारण मधूनच बघायला लागलेल्याला विषय कळायला दुसरा मार्ग नाही. ‘नुसतं’, ‘लगेच’, ‘टाकून देऊ’मधलं ‘देऊ’ ही बोलण्याची लय आहे, वाचताना ती अडते. ‘खड्ड्यात’ मात्र ठेवायचं. आवाजाशिवाय एकटं ‘पुरा’ वाचलं तर ‘पुरे’ किंवा ‘पूर’ असं काहीही डोक्यात येऊ शकतं. त्याऐवजी ‘गाडा’ लिहिलं तर बैलगाडा आठवेल. ‘खड्ड्यात पुरा’ म्हटलं की शंका उरत नाही.

वेळेसकट फाइल अशी होईल. बोलणं १२व्या सेकंदाला सुरू होऊन २१व्याला संपतं, असं धरलं आहे:

```
1
00:00:12,000 --> 00:00:14,900
रोगट झाड
बांधावर टाकू नका

2
00:00:15,000 --> 00:00:18,400
शेताबाहेर नेऊन जाळा
किंवा खड्ड्यात पुरा

3
00:00:18,500 --> 00:00:21,000
मावा हा रोग पसरवतो
```

एकूण १५ शब्द, म्हणजे साडेसात सेकंदांचं वाचन, आणि वेळ मिळाला पावणेनऊ सेकंदांच्या आसपास. उरलेल्या वेळात नजर चित्राकडे जाऊ शकते, कारण झाड कसं दिसतं हेही बघायचं असतं. दोन कॅप्शनमध्ये सेकंदाचा दहावा भाग मोकळा सोडला आहे. त्यामुळे ओळ बदलल्याचं डोळ्याला कळतं.

मराठी अक्षरांचे वेगळे त्रास

एकेक अक्षर टाइप होत येण्याचा इफेक्ट मराठीत टाळावा. ‘किंवा’ लिहिताना आधी ‘क’ येतो, मग त्याच्या डाव्या बाजूला वेलांटी उगवते आणि अक्षर सरकतं. ‘खड्ड्यात’मध्ये तर आधी पाय मोडलेला ‘ड्’ दिसतो आणि मग जोडाक्षर बनतं. डोळा त्याच त्या शब्दावर परत परत जातो आणि दोन शब्दांचा सेकंद वाया जातो. अख्खी ओळ एकदम दाखवणं उत्तम.

दोन ओळींत अंतरही थोडं जास्त लागतं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसले की दोन्ही शब्द बिघडतात. उभ्या व्हिडिओत अगदी तळाशी कॅप्शन ठेवू नये, तिथे ॲपची बटणं आणि खात्याचं नाव येतं. पांढरी अक्षरं, मागे काळी पट्टी, हे साधं वाटलं तरी केळीच्या हिरव्या-पिवळ्या पानांवर तेच वाचता येतं.

वर दिलेली फाइल यूट्यूबवर व्हिडिओसोबत वेगळी चढवता येते. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना मात्र ती सोबत जात नाही. तिथे ओळी व्हिडिओतच उमटवून घ्याव्या लागतात. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि त्यात बारीक अक्षरं पुसट होतात, म्हणून ठळक फाँट घ्यावा.

जमलं की नाही, कसं ओळखायचं?

व्हिडिओ बनवणाऱ्याने स्वतः वाचून उपयोग नाही, त्याला वाक्य आधीच पाठ असतं. ज्याने तो पाहिलेला नाही अशा माणसाच्या हातात आवाज बंद करून मोबाइल द्या, एकदाच दाखवा आणि विचारा, ‘दादा, उपटलेल्या झाडाचं काय करायचं?’ ‘समजलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. उत्तर ‘जाळायचं नाहीतर पुरायचं’ आलं तर व्हिडिओ पाठवा. ‘बांधावर टाकायचं’ आलं, तर ‘नका’ कोणत्या कॅप्शनमध्ये गेलं ते आधी शोधा.