बांगडी घट्ट होते तेव्हा

कोल्हापूरकडच्या बावन्न वर्षांच्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. तिच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठी काढल्या, नंतर रेडिएशन झालं. अकरा महिन्यांनी एका सकाळी डाव्या हातात बांगड्या चढेनात. हात दुखत नव्हता, लालही नव्हता. फक्त संध्याकाळी जड वाटायचा आणि ब्लाउजची बाही दंडाला काचायची. वजन वाढलं असेल, असं घरात सगळ्यांना वाटलं.

ही लिम्फेडीमाची सुरुवात होती. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती पाझरलेल्या द्रवापैकी काही भाग बारीक लसिकावाहिन्या गोळा करतात आणि काखेतल्या गाठींतून पुन्हा रक्तात पोहोचवतात. गाठी काढल्या की ही वाट अरुंद होते, आणि रेडिएशनमुळे तिथली त्वचा व आतले पडदे घट्ट होऊन ती आणखी आक्रसते. मग प्रथिनांनी भरलेला द्रव हातातच साचतो. विदर्भात हत्तीरोग पाहिलेल्यांना हा त्याचाच प्रकार वाटतो. पण तिथे लसिकावाहिन्यांमध्ये कृमी असतात, इथे कसलीच लागण नसते. या हातापासून कोणाला काही होत नाही.

हा त्रास सगळ्यांना होत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2013च्या एका आढाव्यानुसार काखेतल्या गाठी मोठ्या प्रमाणात काढल्यावर साधारण पाचातल्या एकीला सूज येते. पहिल्या एकदोन गाठीच तपासून थांबलं, तर प्रमाण सुमारे 6 टक्क्यांवर येतं. त्यामुळे किती गाठी काढणार, हे शस्त्रक्रियेआधी विचारायलाच हवं. सूज बहुधा पहिल्या दोनतीन वर्षांत दिसते, पण पुष्कळ उशिराही येऊ शकते.

तिला लवकर ओळखणारं साधन शिंप्याकडे असतं: मोजपट्टी. मनगटावर आणि तिथून वर दर 10 सेंटिमीटरवर दोन्ही हातांचा घेर मोजायचा. शिक्षिकेच्या फाइलमध्ये शस्त्रक्रियेआधीचे आकडे होते. मनगटाच्या वर 20 सेंटिमीटरवर डावा हात 24, उजवा 24.5. आता डावा 26 भरला, उजवा तेवढाच राहिला. दोन हातांतला फरक दीडच सेंटिमीटर, म्हणजे कोणीही सोडून दिला असता, कारण साधारणपणे 2 सेंटिमीटरच्या फरकाला सूज धरतात. पण डावा हात स्वतःच्याच जुन्या मापापेक्षा पूर्ण 2 सेंटिमीटर वाढला होता. कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून आधीचं माप नसेल तर तुलना फसते.

सुरुवातीला हात उंच ठेवला की सूज ओसरते आणि बोटाने दाबल्यावर खळगा पडतो. पुढे आत चरबी व तंतू साठतात, हात टणक होतो, आणि मग उतार अवघड. या सुजेवर लघवीच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत, कारण पाणी गेलं तरी प्रथिनं मागे राहतात. खोबरेल तेल लावून जोराने केलेली मालीशही अपाय करते. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची मालीश फार हलकी असते, फक्त त्वचा ताणण्याइतकी. जास्त सुजेवर थरांचं बँडेज बांधतात, आणि सूज उतरली की मापाची दाबाची बाही देतात. ती सकाळी उठल्यावर घालून रात्री काढायची. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो, तेव्हा नवी घ्यावी लागते.

घरातला हात जपताना खरी काळजी त्वचेची. विळी, तव्याचा चटका, गुलाबाचा काटा अशा छोट्या जखमेतून जंतू शिरतात, आणि साचलेल्या द्रवात ते झपाट्याने वाढतात. म्हणून भांडी घासताना हातमोजे, आंघोळीनंतर मॉइश्चरायझर, कापलं तर लगेच साबणाने धुणं. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, अँटिबायोटिक लागतात. अचानक वाढलेली, दुखरी सूजही तपासून घ्यावी. ती रक्ताची गुठळी किंवा परत आलेला आजार असू शकते.

एका गोष्टीची भीती मात्र कमी व्हायला हवी. पूर्वी या हाताने वजन उचलूच नका, असं सांगत. 2009मध्ये अमेरिकेत 141 सुजलेल्या हातांच्या स्त्रियांवर झालेल्या चाचणीत बाही घालून, अगदी कमी वजनापासून हळूहळू चढत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही. उलट तिचे अचानक चढणारे झटके कमी झाले. या हातावर रक्तदाब मोजला किंवा सुई टोचली म्हणून सूज येते, यालाही 2016च्या बोस्टनमधल्या अभ्यासात पुष्टी मिळाली नाही. तिथे धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या गाठी काढणं, रेडिएशन, जास्त वजन आणि त्वचेचा जंतुसंसर्ग. दुसरा हात मोकळा असेल तर सुई तिथे टोचून घ्यायला हरकत नाही. पण गरज पडली तर घाबरू नये.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर आदल्या दिवशी दोन्ही हातांचं माप घेऊन फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.