सिद्धेश्वर तलावातली मासळी पहाटेच का मरते?

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावात मासे मरून तरंगू लागले की पहिला संशय जातो विषावर. तलाव शहराच्या मध्यभागी आहे. एका अंगाला भुईकोट किल्ला, मधोमध मंदिर आणि चहूबाजूंनी वस्ती. तेव्हा कुणी काही टाकलं असेल असं वाटणं साहजिक आहे. पण असा प्रकार इथे एकदाच घडलेला नाही आणि दर वेळी विषारी रसायनच शोधायला हवं असंही नाही. तलावाला मिळणारं खतसुद्धा पुरतं.

निर्माल्य, गणेशविसर्जनानंतर उरलेलं साहित्य, पावसाबरोबर रस्त्यांवरून येणारं पाणी, सांडपाणी या सगळ्यांतून नत्र आणि स्फुरद तलावात उतरतं. यातलं स्फुरद जास्त निर्णायक. माणशी दिवसाला सुमारे दीड ग्रॅम स्फुरद मलमूत्रातून बाहेर पडतं. आकडा किरकोळ वाटतो, पण शेवाळाच्या शरीरात कर्ब, नत्र आणि स्फुरद ढोबळमानाने १०६ : १६ : १ या अणुप्रमाणात असतात. म्हणजे चिमूटभर स्फुरदावर भरपूर शेवाळ पोसलं जातं. ते मेल्यावर पूर्ण कुजायला, मूळच्या एका ग्रॅम स्फुरदामागे सुमारे १४० ग्रॅम प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात तीस अंशांच्या पाण्यात, हवेशी समतोल असला, तरी घनमीटरमागे सात-साडेसात ग्रॅमच प्राणवायू मावतो. मग एका किलो स्फुरदाचं कर्ज फेडायला किती पाणी लागेल? सुमारे वीस हजार घनमीटर, आणि तेही प्राणवायूने भरलेलं.

अर्थात हे कर्ज एका दिवसात वसूल होत नाही. दुपारी हिरव्यागार पाण्यात प्राणवायू उलट गरजेपेक्षाही जास्त असतो, कारण शेवाळ तो तयार करत असतं. म्हणून दुपारी बाटली भरून नेलेला नमुना फसवतो. सूर्य मावळला की निर्मिती थांबते, पण श्वसन चालूच राहतं: शेवाळाचं, जिवाणूंचं आणि माशांचंही. पातळी रात्रभर घसरत पहाटे तळ गाठते. लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेली की रोहू, कटला वर येऊन तोंड उघडझाक करू लागतात. मोठ्या माशांची गरज जास्त, म्हणून बहुधा तेच आधी मरतात. मागूरसारखे हवेत श्वास घेणारे तगून राहतात. विषाने लहानमोठे सगळे सरसकट आणि कोणत्याही वेळी मरू शकतात. तपासणाऱ्याने मेलेले मासे मोजण्याआधी त्यांचा आकार आणि मृत्यूची वेळ विचारावी.

सगळ्यात वाईट असतो वळिवाचा दिवस. ढगांमुळे निर्मिती कमी होते आणि गार पावसाने वरचं पाणी खाली जाऊन तळाचं प्राणवायूहीन पाणी ढवळून वर येतं. दुर्गंधी सुटते ती त्याचीच.

कारंजी लावून ती रात्र टळते, ती लावावीतच. पण तळाशी प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाला चिकटलेलं स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येतं. त्यामुळे बाहेरून येणारं सांडपाणी आज बंद केलं, तरी गाळ काढेपर्यंत काही वर्षं शेवाळ येतच राहू शकतं. गाळ काढला आणि नाले तसेच राहिले, तर तो पुन्हा साचतो.