यंत्रलिखित मजकुराचा संशय : गुणांक आणि त्याचा खरा अर्थ

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वसामान्यांच्या हाती आले आणि त्यानंतर अल्पावधीतच संपादकांच्या टेबलावर एक नवा प्रश्न येऊन पडला. आलेला लेख लेखकाने स्वतः लिहिला आहे की यंत्राकडून लिहवून घेतला आहे? या प्रश्नाचे उत्तर देऊ म्हणणारी साधनेही लगोलग निघाली. त्यांना डिटेक्टर असे म्हणतात. लेख त्यात घातला की ० ते १०० यांच्या दरम्यानचा एक गुणांक मिळतो. गुणांक ९० आला म्हणजे लेख यंत्राचा असण्याची शक्यता शंभरात नव्वद, असा अर्थ बहुतेक जण सहजपणे घेतात. हा अर्थ बरोबर असेलच असे नाही, आणि त्यावर विसंबून एखाद्या लेखकाचे लेखन बंद केले गेले, तर निरपराध माणसावर आळ येण्याचा धोका फार मोठा आहे.

डिटेक्टर काय पाहतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. पुष्कळशी साधने मजकुरातील पुढचा शब्द कितपत अंदाजाने सांगता येतो, हे मोजतात. यंत्राचे लेखन बहुधा अपेक्षित शब्दांच्या वाटेने जाते, म्हणून अंदाजास सोपा मजकूर संशयास्पद ठरतो. परंतु ठरावीक वळणाचे लेखन करणारी माणसेही असतातच. ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन होऊन कार्यक्रमास प्रारंभ झाला’ हे वाक्य यंत्र जन्माला येण्यापूर्वीपासून आपण सारे लिहीत आलो आहोत! अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले होते. सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरविले गेले. तेथील शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले गेले. तात्पर्य, डिटेक्टर बनविणाऱ्याने सांगितलेली अचूकता त्याने तपासलेल्या लेखकांपुरती असते. आपल्या लेखकांबाबत ती आपणच तपासावी लागते.

ही तपासणी कशी करावी, हे एका कल्पित जिल्हा साप्ताहिकाच्या उदाहरणाने पाहू. या साप्ताहिकाचे बारा नियमित लेखक आहेत. संपादकाने दप्तरातून प्रत्येकाचे दहा, असे १२० लेख काढले. हे सर्व लेख नोव्हेंबर २०२२ पूर्वी छापलेले आहेत, म्हणून ते माणसांचेच आहेत याविषयी शंका उरत नाही. मग त्याच विषयांवर, तेवढ्याच लांबीचे १२० लेख त्याने आज प्रचारात असलेल्या यंत्रांकडून लिहवून घेतले. विषय आणि लांबी सारखी ठेवणे अगत्याचे आहे. नाही तर डिटेक्टर लेखक ओळखतो आहे की विषय, हे कळावयास मार्ग राहत नाही. एकाच लेखाचे चार तुकडे करून त्यांना चार नमुने म्हणणे हीही स्वतःची फसवणूक होय, कारण ते तुकडे एकमेकांसारखेच असणार.

समजा, या २४० लेखांचे गुणांक पुढीलप्रमाणे आले. माणसांच्या १२० लेखांपैकी ९० किंवा अधिक गुण तिघांना, ६० ते ८९ पंधरा लेखांना आणि त्याहून कमी १०२ लेखांना मिळाले. यंत्राच्या १२० लेखांत हेच आकडे अनुक्रमे ७२, ३० व १८ असे आले. दोन्ही गट सर्वत्र सारखेच विखुरले असते, तर ते साधन तेथेच बाजूला ठेवावे लागले असते. मराठीसाठी ही पहिली कसोटी अवश्य लावावी, कारण पुष्कळ साधने मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडविलेली आहेत.

आता येणाऱ्या दहा लेखांपैकी साधारण एक यंत्राचा असतो असे धरू. म्हणजे १,२०० लेखांत १,०८० माणसांचे व १२० यंत्राचे. वरील प्रमाणानुसार ९० च्या वरच्या पट्ट्यात माणसांचे २७ आणि यंत्राचे ७२, एकूण ९९ लेख येतील. त्यांतील यंत्राचा वाटा शंभरात सुमारे ७३ भरतो. मधल्या पट्ट्यात माणसांचे १३५ व यंत्राचे ३०, म्हणजे शंभरात केवळ १८. खालच्या पट्ट्यात ९३६ पैकी १८, म्हणजे शंभरात दोन. ७५ हा गुणांक पाहून ज्या लेखकावर बोट ठेवले जाईल, तो पाचांपैकी चार वेळा निर्दोष असेल, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

दहात एक हे प्रमाण आपण गृहीत धरले होते. ते निम्मे धरल्यास वरच्या पट्ट्याचा आकडा ७३ वरून ९६ वर जातो. गुणांक तोच, लेखही तेच. बदलली ती केवळ आपली पूर्वकल्पना. म्हणून निष्कर्ष लिहिताना ते गृहीतही शेजारी लिहावे, आणि दोन-तीन निरनिराळी प्रमाणे धरून हिशेब करून पाहावा.

दुसरी मर्यादा नमुन्यांच्या संख्येची. १२० पैकी तीन म्हणजे अडीच टक्के खरे. परंतु एवढ्या थोड्या नमुन्यांवरून खरे प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून सात टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. सात टक्के धरले तर वरच्या पट्ट्यात माणसांचे सुमारे ७६ लेख येतात आणि यंत्राचा वाटा निम्म्यावर उतरतो. अर्धा टक्का धरला तर तो नव्वदाच्या पुढे जातो. यास्तव ‘७३ टक्के’ असे नेमके सांगण्यापेक्षा ‘निम्म्यापासून नऊ-दशांशापर्यंत’ असे सांगणे अधिक प्रामाणिक. एकही नमुना चुकला नाही, तरी चुकीचे प्रमाण शून्य मानू नये. नमुन्यांच्या संख्येने तीनला भागावे. येणारे उत्तर ही चुकीची ढोबळ वरची मर्यादा होय. शंभरात एकही चूक नसेल, तर ती मर्यादा सुमारे तीन टक्के.

या उदाहरणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग पुढेच आहे. वर चढलेले ते तीन लेख कोणाचे, हे पाहिले असता तिन्ही एकाच लेखकाचे निघाले, असे समजा. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक असून सुबक, ठरावीक वाक्यरचनेचे लेखन करतात. उरलेल्या अकरा जणांच्या ११० लेखांपैकी एकही वर गेला नाही. यांचे मात्र दहापैकी तीन गेले. दहात एक हेच प्रमाण यांना लावले, तर यांच्या शंभर लेखांत स्वतःचे २७ व यंत्राचे सहा वरच्या पट्ट्यात येतील. म्हणजे इतरांच्या बाबतीत गंभीर वाटणारा ९० हा गुणांक यांच्या बाबतीत शंभरात १८ एवढाच अर्थ सांगतो. दहा नमुने अर्थातच थोडे आहेत. अशा लेखकाचे आणखी वीस-तीस जुने लेख मिळवावेत, आणि तोपर्यंत त्यांच्या लेखांना डिटेक्टर लावूच नये, हे उत्तम.

साप्ताहिकाच्या नोंदवहीत आता गुणांकाऐवजी शब्द लिहिता येतील. खालच्या पट्ट्यासाठी ‘संशयास आधार नाही’, मधल्यासाठी ‘काहीही सांगता येत नाही’ आणि वरच्यासाठी ‘लेखकाशी बोलावे’. लेखकाने लिहून यंत्राकडून दुरुस्त करून घेतलेला मजकूर मात्र यांपैकी कोणत्याच पट्ट्यात नीट बसत नाही, कारण आपल्या नमुन्यांत तसा एकही लेख नव्हता. दोनशे शब्दांहून लहान मजकुराचे गुणांकही अस्थिर असतात. नमुने ज्या लांबीचे घेतले, त्याच लांबीच्या लेखांना हे कोष्टक लावावे.

डिटेक्टर चालविणाऱ्या संस्था साधनात वेळोवेळी बदल करतात आणि त्याची वर्दी प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही. यासाठी जुन्यांपैकी तीस नमुने बाजूला ठेवून दर महिन्यास ते पुन्हा तपासावेत. त्यांचे गुणांक हलू लागले, की जुने कोष्टक रद्द समजून २४० लेखांची मोजणी पुन्हा करावी. आणि यंत्राकडील १२० लेख त्या वेळी प्रचारात असलेल्या नव्या यंत्रांकडून नव्याने लिहवून घ्यावेत.